टेलरिंग युनिटचा रोजचा उत्पादन अहवाल : एका पानात टार्गेट, पास आणि रिजेक्ट

मागच्या भागात आपण हजेरी आणि मजुरीचं रजिस्टर पाहिलं होतं. आज त्याच टेबलावरचा दुसरा कागद घेऊ. टेलरिंग युनिटचा रोजचा उत्पादन अहवाल, म्हणजे आज किती पीस व्हायला हवे होते, किती झाले आणि किती बाद गेले, याचा ए-फोर आकाराचा एकच कागद. तो कॉम्प्युटरवर एकदा तयार करायचा, महिन्याच्या प्रती छापून ठेवायच्या आणि रोज पेनाने भरायचा.

असा कागद बहुतेक युनिटमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. टार्गेट, झाले, रिजेक्ट असे तीन रकाने आखलेले असतात. अडचण अशी की तीन रकाने भरून सुद्धा माल किती तयार आहे ते कळत नाही. फौजेत रोज सकाळी परेड स्टेट नावाचा कागद निघतो. एकूण जवान किती, हजर किती, रजेवर किती, आजारी किती. या सगळ्यांची बेरीज एकूण संख्येशी जुळलीच पाहिजे. एक जरी कमी आला तरी तो कुठे आहे ते सांगितल्याशिवाय सही होत नाही. शिलाईच्या कागदालाही हाच नियम लावायचा. लाइनवर आलेला प्रत्येक पीस संध्याकाळी कुठल्या तरी एका रकान्यात असलाच पाहिजे आणि तो दोन रकान्यांत असता कामा नये. आजचं सगळं सांगणं या एका वाक्याभोवती आहे.

इथे इंदूरमध्ये आमच्या वस्तीजवळ बायकांनी चालवलेलं दहा मशिनचं एक युनिट आहे. त्यांचा हिशेब मी बघतो. त्यांच्या एका दिवसाचा कागद आज उदाहरणाला घेतो. काम होतं शाळेच्या पांढऱ्या, अर्ध्या बाह्यांच्या शर्टांचं. ऑर्डर १,४०० शर्टांची आणि मुदत कामाच्या दहा दिवसांची, कारण सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत माल पोचवायचा होता. आपण पाहणार आहोत तो चौथा दिवस.

पहिला भाग : टार्गेट हजेरी पाहून लिहायचं

कागदाच्या डोक्यावर तारीख, ऑर्डरचं नाव, वस्तू आणि हजर कारागीर लिहायचे. त्याच्या खाली टार्गेट. हे टार्गेट मनाने ठरवायचं नसतं, ते मोजून काढायचं असतं आणि त्यासाठी तीन आकडे लागतात.

पहिला आकडा, एका शर्टाला लागणारी मिनिटं. कॉलर तयार करणं, कॉलर लावणं, खांदा जोडणं, बाही लावणं, बाजूची टीप, खालची दुमड, काज, बटण, अशी कामं वेगवेगळी धरा. रोजच्या सवयीच्या कारागिराचे प्रत्येक कामाचे आठ-दहा पीस मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि सरासरी घ्या. या युनिटमध्ये सगळ्या कामांची बेरीज १३ मिनिटं आली. दोरा बदलणं, बंडल उचलणं, पाणी पिणं यासाठी वर १५ टक्के धरले, म्हणजे सुमारे १५ मिनिटं.

दुसरा आकडा, दिवसाची कामाची मिनिटं. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, त्यातून जेवणाचा अर्धा तास आणि दोन चहाची पंधरा-पंधरा मिनिटं वजा केली की आठ तास उरतात, म्हणजे ४८० मिनिटं.

तिसरा आकडा म्हणजे युनिटची खरी कुवत. सगळेजण सतत घड्याळाच्या वेगाने शिवत नाहीत. ही कुवत मागच्या कामावरून काढायची. आधीच्या ऑर्डरमध्ये अशाच शर्टांचे दहा जणींनी सहा दिवसांत ९६० पीस पास करून दिले होते. ९६० गुणिले १५ म्हणजे १४,४०० मिनिटांचं काम. सहा दिवसांत दहा जणींची मिनिटं होती २८,८००. म्हणून कुवत ५० टक्के. इथे पास झालेलेच पीस धरायचे. शिवलेले पण परत आलेले धरले तर पायाच खोटा पडतो आणि पुढचं प्रत्येक टार्गेट फुगतं.

आता हिशेब सोपा आहे. हजर कारागीर गुणिले मिनिटं गुणिले कुवत, भागिले एका पिसाची मिनिटं. दहा जणी हजर असतील तर १६०. त्या दिवशी नऊ जणी होत्या, म्हणून १४४. शीटमध्ये हजेरी बी-तीन, मिनिटं बी-चार, कुवत बी-पाच आणि पिसाची मिनिटं बी-सहा या घरात ठेवली असतील, तर सूत्र असं लिहा :

```
=ROUNDDOWN(B3*B4*B5/B6,0)
```

चेकर आणि दोरे कापणाऱ्या मदतनीस बाई या हजेरीत धरायच्या नाहीत. फक्त मशिनवर बसणाऱ्या मोजायच्या. काल कमी पडलेले पीस आजच्या टार्गेटमध्ये मिळवायचे नाहीत, हेही लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी शेवटी वेगळी जागा आहे. कालची तूट आज चढवली की टार्गेट २०० वर जातं, ते होणार नाही हे सकाळीच सगळ्यांना कळतं आणि मग त्या आकड्याकडे कोणी बघत नाही.

दुसरा भाग : दोन-दोन तासांची नोंद

दिवसाचे चार टप्पे केले आहेत आणि प्रत्येक टप्प्यात कामाचे पुरे दोन तास येतात. टार्गेट १४४ असेल तर प्रत्येक टप्प्याला ३६. ही नोंद चेकरच्या टेबलावर होते, मशिनपाशी होत नाही. शिवून झालेला पीस चेकरकडे आला की तिच्यासमोर तीनच वाटा असतात. ठीक असेल तर पास. उसवून किंवा दुरुस्त करून देता येत असेल तर अल्टर. या ऑर्डरमध्ये कोणत्याही उपायाने देता येणार नसेल तर रिजेक्ट.

त्या दिवशीचा तक्ता असा होता :

| टप्पा | टार्गेट | पहिल्यांदा तपासले | थेट पास | अल्टर | रिजेक्ट | दुरुस्त होऊन पास | एकूण पास |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ९:३० ते ११:४५ | ३६ | ३४ | २८ | ५ | १ | २ | ३० |
| ११:४५ ते १:४५ | ३६ | ३६ | ३१ | ४ | १ | ५ | ३६ |
| २:१५ ते ४:१५ | ३६ | २४ | २० | ३ | १ | २ | २२ |
| ४:१५ ते ६:३० | ३६ | ३४ | २९ | ४ | १ | ५ | ३४ |
| एकूण | १४४ | १२८ | १०८ | १६ | ४ | १४ | १२२ |

या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे ‘पहिल्यांदा’. अल्टरला गेलेला शर्ट दुरुस्त होऊन पुन्हा चेकरकडे येतो. तो पुन्हा ‘तपासले’ मध्ये लिहिला की एकच शर्ट दोनदा मोजला जातो. त्या संध्याकाळी नेमकं हेच झालं होतं. सुपरवायझर ताई म्हणाल्या, “सर, आज १४२ झाले. दोनच कमी.” मी विचारलं, “ताई, यातले पॅकिंगच्या टेबलावर किती गेले?” त्यांनी गठ्ठे मोजले, १२२ निघाले. चेकरच्या हातून १४२ वेळा शर्ट गेला होता, हे खरंच होतं. १२८ नवे आणि १४ दुरुस्त होऊन आलेले. पण शाळेला द्यायला तयार शर्ट १२२ च होते.

फरक २० शर्टांचा. दहा दिवस रोज असंच मोजलं असतं, तर कागदावर ऑर्डर पूर्ण दिसली असती आणि गाडी भरायच्या दिवशी जवळजवळ २०० शर्ट कमी पडले असते. म्हणून दुरुस्त होऊन आलेल्या पिसांना स्वतंत्र रकाना हवाच, आणि टार्गेटशी तुलना फक्त शेवटच्या ‘एकूण पास’ या रकान्याची करायची.

टक्केवारी काढायची तर ‘पहिल्यांदा तपासले’ या आकड्यावर काढा. रिजेक्ट ४ भागिले १२८ म्हणजे ३.१ टक्के. अल्टर १६ भागिले १२८ म्हणजे १२.५ टक्के. टार्गेटने भागलं तर ज्या दिवशी काम कमी, त्या दिवशी रिजेक्टही कमी दिसतात आणि खराब दिवस चांगला वाटू लागतो.

टप्प्यांचा दुसरा उपयोग असा की पडझड कधी झाली ते कळतं. तिसऱ्या टप्प्यात ३६ ऐवजी २२ आले. शेजारच्या शेरा रकान्यात लिहिलं होतं : काजाचं मशिन ४० मिनिटं बंद. दिवसाचा एकच आकडा लिहिला असता, तर ही ४० मिनिटं “आज काम जरा हळू झालं” या वाक्यात विरघळून गेली असती.

तिसरा भाग : दोष कुठला आणि कुठे झाला

रिजेक्ट ४ एवढंच लिहिलं तर उद्या काय बदलायचं ते कोणालाच कळत नाही. म्हणून खाली दोषांची छोटी यादी आधीच छापून ठेवायची आणि चेकरने प्रत्येक दोषाला एक उभी रेघ मारायची. पाचवी रेघ आडवी. तिला लिहित बसायला वेळ नसतो. एका पिसात दोन दोष असले तरी जास्त गंभीर दोषालाच रेघ मारायची, म्हणजे यादीची बेरीज वरच्या तक्त्याशी जुळते.

त्या दिवशीचे १६ अल्टर असे होते : कॉलरची टोकं असमान ७, बाहीच्या जोडावर चुण्या ४, बटण जागेवर नाही ३, टीप तुटलेली २. रिजेक्ट ४ असे : न निघालेला तेलाचा डाग २, दोरा कापताना कात्री लागलेली १, कापडातच विणीचा दोष १.

आता हजेरीकडे परत बघा. त्या दिवशी जी एक बाई रजेवर होती, ती कॉलरचं काम करणारी होती. तिच्या जागी बाही लावणारी बसली आणि कॉलरचे सात पीस परत आले. दोन नोंदी एकाच कागदावर होत्या म्हणून कारण समोर आलं. उपाय छोटाच होता. जाड पुठ्ठ्याचा कॉलरचा साचा कापून दिला आणि टीप मारायच्या आधी दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी कॉलरचे दोनच पीस परत आले.

तेलाचे दोन्ही डाग दुपारच्या जेवणाआधीचे होते. मशिन रात्रभर किंवा सुट्टीत उभं राहिलं की सुईच्या दांड्यावरून तेल खाली उतरतं आणि तेल जास्त भरलेलं असेल तर हमखास उतरतं. सकाळी सुईजवळचा भाग पुसून, चिंधीवर दोन-चार टिपा मारून मगच शर्ट लावायचा. पांढऱ्या कापडाला हा नियम सोडता येत नाही.

विणीचा दोष मात्र शिवणाऱ्या बाईचा नाही. तो थानात होता आणि कटिंगच्या टेबलावर दिसायला हवा होता. म्हणून रिजेक्टच्या यादीत कापड, कटिंग आणि शिलाई असे तीन गट ठेवा. कापडाच्या दोषाचे तुकडे जपून ठेवले तर व्यापाऱ्याशी बोलताना ते हातात असतात.

या कागदावर कारागिराचं नाव मात्र छापू नका. कामाचं नाव पुरेसं आहे. आणि रिजेक्टवरून मजुरी कापली जाते असं एकदा समजलं की रिजेक्ट कमी होत नाहीत, ते दिसेनासे होतात. शर्ट पिशवीत जातो किंवा तयार मालाच्या गठ्ठ्यात मधे सरकवला जातो, आणि तक्रार शाळेतून येते.

चौथा भाग : संध्याकाळची जुळणी

परेड स्टेट इथे लागू होतं. सकाळी लाइनवर आधीचे किती होते, आज कटिंगमधून किती आले, त्यातून किती बाहेर गेले आणि किती उरायला हवेत.

| नोंद | पीस |
|---|---|
| सकाळची शिल्लक (त्यात कालचे अल्टर ५) | ६४ |
| आज कटिंगमधून आले (२० चे ७ बंडल) | १४० |
| एकूण | २०४ |
| वजा एकूण पास | १२२ |
| वजा रिजेक्ट | ४ |
| उरायला हवेत | ७८ |
| प्रत्यक्ष मोजले | ७६ |
| फरक | २ |

अल्टरचा हिशेब आतल्या आत जुळतो का तेही पाहायचं. कालचे ५ आणि आजचे १६ मिळून २१, त्यातले १४ दुरुस्त झाले, उरले ७. टोपलीत सात होते. ते बरोबर निघालं. मग दोन शर्ट कुठे गेले?

सुपरवायझर ताईंनी पहिल्यांदा शिलाईच्या टेबलाखाली पाहिलं, गठ्ठे उलटले. सापडलं ते कटिंगमध्ये. एका बंडलच्या चिठ्ठीवर २० लिहिलं होतं, पण आत भाग अठराच शर्टांचे होते. कापड अंथरताना मास्टरनी दोष दिसलेले दोन थर काढून टाकले होते, चिठ्ठी मात्र आधीच लिहिलेली होती. म्हणजे १४० नव्हे, १३८ च आले होते. मास्टरकडून चिठ्ठी दुरुस्त करून घेतली, दोघांनी सह्या केल्या आणि फरक शून्य झाला. हीच गोष्ट आठ दिवसांनी निघाली असती, तर दोन शर्ट चोरीला गेले असं ठरलं असतं आणि संशय शिवणाऱ्या बायकांवर आला असता.

मोजणी रोजच्या रोज हवी, ती यासाठी. आणि मोजताना बंडलच्या चिठ्ठ्या मोजू नका, पीस मोजा. रिजेक्टचे पीस तारखेची चिठ्ठी लावून एका बंद पेटीत टाका. महिन्याच्या शेवटी पेटीतले पीस आणि कागदांवरच्या रिजेक्टची बेरीज सारखी यायला हवी.

सगळ्यात खाली : ऑर्डरची स्थिती

शेवटच्या ओळीत चार आकडे. कालपर्यंत पास ३९८, आज १२२, एकूण ५२०, बाकी ८८०. दिवस उरले सहा. म्हणजे रोज सुमारे १४७ लागतील. आता वरच्या टार्गेटच्या हिशेबाकडे बघा. दहा जणी असतील तर रोज १६० होतात, ऑर्डर निघते. नऊच राहिल्या तर रोज १४४, सहा दिवसांत ८६४, म्हणजे १६ शर्ट कमी. रजेवरची बाई कधी येणार हे विचारायचं की शेवटच्या दोन दिवसांत अर्धा तास जास्त थांबायचं, हा निर्णय चौथ्या संध्याकाळीच घेता आला. ती बाई दुसऱ्या दिवशी आली, म्हणून जास्त थांबायची वेळ आली नाही.

छपाईबद्दल

पान उभं ठेवा. हाताने भरायच्या ओळीची उंची निदान एक सेंटिमीटर हवी. एक्सेलमध्ये ती २८ च्या आसपास येते. रकान्यांना रंग भरू नका. झेरॉक्समध्ये ते काळे पडतात आणि पेन दिसत नाही. डावीकडे फाइलच्या छिद्रांसाठी दोन सेंटिमीटर जागा सोडा. छापण्याआधी सगळं एका पानात बसतंय का ते प्रिव्ह्यूमध्ये पाहा. दोन पानांचा कागद झाला की दुसरं पान भरलं जात नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींसाठी एक खास सूचना. मथळे तुमच्या लाइनवरच्या भाषेत छापा, मग ती हिंदी असो, गुजराती असो की कन्नड. आकडे मात्र सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायचे असं पहिल्या दिवशी ठरवा. हाताने घाईत लिहिलेला देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ हुबेहूब सारखे दिसतात. एकाच कागदावर दोन पद्धती मिसळल्या तर ११ चे ९९ व्हायला वेळ लागत नाही.

या कागदाची मर्यादाही सांगतो. एका कागदावर एकच वस्तू. शर्ट आणि हाफ पँट एकाच वेळी चालू असतील तर दोन कागद करा, कारण दोन्हींची मिनिटं वेगळी आणि दोष वेगळे. कोणतं मशिन हळू चालतंय किंवा बंडल कुठल्या कामापाशी साचतंय, हे यातून कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक कामाची वेगळी नोंद लागते.

आणि कागद नीट भरला जातोय की नुसता रंगवला जातोय, हे ओळखायच्या तीन खुणा. चारही टप्प्यांत रोज सारखाच आकडा, आठवडाभर रिजेक्ट शून्य, आणि जुळणीचा फरकही रोज शून्य. खऱ्या युनिटमध्ये असं कधी होत नाही. असं दिसलं की कोणाला बोलायच्या आधी स्वतः चेकरच्या टेबलापाशी दोन तास उभे राहा आणि एक टप्पा आपल्या हाताने भरा.

पुढच्या भागात याच युनिटचं कटिंगचं रजिस्टर घेऊ. त्या दोन थरांची नोंद कुठे व्हायला हवी होती, ते तिथे पाहू.